शिट्टीतून घोरणारा मारोती

मारोतीला मी डोळ्यांनी पाहायच्या आधी कानांनी ओळखलं. घुग्घुसला आमच्या दोन घरांच्या मधे एकच भिंत होती, तीही अर्ध्या विटेची. ते नवरा-बायको सावली गावाकडून सामान घेऊन आले त्या दिवशी मी बाजाराला गेले होते. परत आले तर भिंतीतून आवाज. मला वाटलं, कोणी लाकूड चिरायची मशीन लावली. मी त्यांच्या दारात जाऊन भांडायला उभी राहिले, तर आत खाटेवर एक जाडजूड माणूस उताणा पडलेला, तोंड उघडं, आणि त्याची बायको सुलोचना भांडी लावत होती.

"रात्रपाळीचे आहेत ना जी," ती म्हणाली. "सिमेंटच्या फॅक्टरीत मागच्या गेटवर वॉचमन. दिवसाच झोपतेत."

"झोपतो का भांडतो?" मी विचारलं.

ती हसली. मला हसू आलं नाही. मला तो आवाज आठ वर्षं ऐकावा लागला.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी घराच्या ओट्यावर चहा विकायची. ट्रकवाले, पाळीवरून सुटलेले कामगार, अशी गिऱ्हाईकं. मारोती सकाळी ड्यूटीवरून सुटला की सायकल माझ्या ओट्याला टेकवायचा. बुटका, छातीनं रुंद, मान अशी की डोकं थेट खांद्यावर ठेवल्यासारखं. युनिफॉर्मच्या सदऱ्याचं वरचं बटण त्याला कधी लागलं नाही. सुपरवायझर त्यावरून ओरडला की तो म्हणायचा, "साहेब, बटन लावलं तर जीव जाते." आम्ही हसायचो. ते खरं होतं हे तेव्हा कोणाला माहीत?

माणूस चांगला. कोणाची चुगली नाही, कोणाशी वाकडं नाही. पण बोलता बोलता झोपायचा. चहाचा ग्लास हातात धरून डोळे मिटायचे. ग्लास सरळच राहायचा, थेंब सांडायचा नाही. मग घशात काही अडकल्यासारखा दचकायचा, डोळे उघडायचा आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुढे चालू करायचा. "...तर मग तो ड्रायव्हर म्हनला का माह्याजवळ गेटपासच नाई." मधे कोणी उठून गेलेलं असायचं, कोणी नवीन आलेलं असायचं. नवीन माणूस विचारायचा, "कोन ड्रायव्हर?"

त्याला कोणी चिडवलं की त्याचं एक ठरलेलं उत्तर होतं. "डोळे मिटले म्हनून मानूस झोपला असं होत नाई, मावशी." आता वाटतं, त्याच्यापुरतं ते बरोबरच होतं. तो डोळे मिटायचा, पण झोपत नव्हता.

ड्यूटीवर जागं राहायला त्यानं काय काय नाही केलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळायचा. डोळ्यांखाली बाम चोळायचा. थंडीतसुद्धा नळाखाली डोकं धरायचा. मग त्यानं एक युक्ती काढली. ड्यूटीची शिट्टी दातात धरून खुर्चीवर बसायचं. झोप लागली की शिट्टी पडणार, पडली की जाग येणार. सोपं.

शिट्टी पडलीच नाही. ती दातात घट्ट राहिली आणि मारोती शिट्टीतून घोरायला लागला. श्वास सुटला की पीईई, आत घेतला की खर्रर्र. ट्रकवाल्यांना वाटलं, मागे घ्यायचा इशारा आहे. एकानं ट्रक मागे घेतला. मग शिट्टी बंद. पार बंद. ट्रकवाला थांबला. बराच वेळ काही नाही. आणि मग एकदम इतक्या जोरात शिट्टी वाजली की दोन गेटवरचे वॉचमन काठ्या घेऊन पळत आले, साप निघाला म्हणून.

ही गोष्ट घुग्घुसमधे वर्षभर चालली. मारोती स्वतःच ती सांगायचा, आवाज काढून दाखवायचा. पीईई, खर्रर्र, मग थांबायचा, मग मोठ्ठी शिट्टी. आम्ही पोट धरून हसायचो. त्या मधल्या थांबण्याला तर सगळ्यात जास्त हसायचो.

सुलोचनाला वाटायचं, नवऱ्याला दिवसाची झोप पुरत नाही. ती दुपारी शाळेत खिचडी शिजवायला जायची, पोरगीही शाळेत, घरात तो एकटा. म्हणून तिनं एक सोय केली होती. तिचा भाऊ गजू सावलीला राहायचा, तलावात मासे धरायचा. तो दर पंधरवड्याला मासे घेऊन यायचा आणि सोबत घरी काढलेली मोहाची बाटली. मारोती काही दारुडा नव्हता. पण सकाळी ड्यूटीवरून आला, भाकर खाल्ली की सुलोचना त्याला एक ग्लास मोहाची द्यायची. औषध म्हणून. आमच्या भागात त्यात कोणाला वावगं वाटत नाही. थंडी वाजली तर मोहाची, अंग दुखलं तर मोहाची, मग झोप येत नसेल तर का नको?

"एक ग्लास गेली का भाऊजी कसे गाढ झोपतेत पाहा," गजू माझ्या ओट्यावर बसून म्हणायचा. "भिंत हालते, मावशी."

भिंत हलायची हे खरं. माझ्या बाजूचा गिलावा पडत होता. ग्लास घेतल्यावर घोरणं वाढायचं, आणि मधलं थांबणंही लांबायचं, हे मला ऐकू येत होतं. मला वाटायचं, दारूनं शांत पडला.

मग ते सायकलचं झालं. सकाळी सुटून घरी येताना रस्त्याच्या कडेला कोळशाचा ट्रक उभा होता. मारोती सरळ जाऊन त्याच्या मागच्या फळीवर आदळला. ब्रेक दाबल्याची खूण नाही, हँडल वळवल्याची खूण नाही. समोरचे दात गेले, हनुवटी फाटली. लोकांनी त्याला माझ्या ओट्यावर आणून बसवलं. रक्त गळत होतं आणि तो म्हणत होता, "ट्रकच मधात आला, मावशी."

"उभा होता रे ट्रक," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग रडायला लागला. दुखलं म्हणून नाही. "मले आठवतच नाई," तो म्हणाला. "गेटमधून निघालो ते आठवते. मग तुमचा ओटा."

सुपरवायझरला बातमी लागली. त्यानं सरळ सांगितलं की हा पिऊन ड्यूटी करतो, याला काढा. मारोतीनं पोरीची शपथ घेतली. सुपरवायझर म्हणाला, डॉक्टरकडून लिहून आण, तुला काय झालंय ते. नाहीतर घरी बस. तेव्हा वॉचमनची नोकरी ठेकेदारामार्फत असायची. आज आहे, उद्या नाही.

चंद्रपूरला सुलोचनासोबत मीही गेले होते; ज्या डॉक्टरनं टाके घातले तो तरुण होता. त्यानं रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला, आणि दुसऱ्या हाताचाही घेतला. मारोतीची मान टेपनं मोजली. मला वाटलं, याला वेड लागलं, फाटली हनुवटी आणि मोजतो मान. मग त्यानं विचारलं, "झोपेतून उठल्यावर डोकं दुखतं का? तोंड कोरडं पडतं? झोपेत लघवीला किती वेळा उठता?"

मारोतीनं सगळ्याला मान हलवून हाव म्हटलं.

"झोपेत यांच्याजवळ कोण असतं?"

सुलोचना म्हणाली, "मी नसतो जी, खिचडीवर असतो. हे मावशी असतेत." आणि डॉक्टर माझ्याकडे असा पाहायला लागला की मला लाज वाटली.

"भिंतीपलीकडे," मी म्हटलं. "मला फक्त ऐकू येतं."

"मग सांगा काय ऐकू येतं."

मी सांगितलं. घोरतो, वाढत जातं, मग थांबतं. मग काही नाही. मग फुस्सकन येतं, रेडा पाण्यातून बाहेर आल्यासारखं. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "मधे थांबतं तेव्हा किती वेळ?"

"दूध उतू जायच्या आत येतो परत," मी म्हटलं. "कधी कधी उतू जातं."

त्यानं आम्हाला नागपूरला पाठवलं, झोपेची तपासणी करायला. अशी काही तपासणी असते हे आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. गल्लीत हसण्याला ऊत आला. "झोपायले नागपूरले जाऊन राह्यला का बे? आमच्या इथी झोप ना!"

जायला तिघं निघालो. मारोती, गजू आणि मी. सुलोचनाला पोरीची परीक्षा होती, आणि डॉक्टरनं लिहिलं होतं की झोप ऐकलेला माणूस सोबत आणा. बसमधे गजू माझ्या मागच्या सीटवर घोरत आला. त्याच्या पिशवीत बाटली होती. "तपासणीच्या आधी थोडी घेतली का झोप लागन," असं त्याचं म्हणणं.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे नेहमी केव्हा झोपतात. दिवसा म्हटल्यावर त्या म्हणाल्या की मग तपासणी दिवसाच करू. रात्री करून काय कळणार, रात्री तर हे जागायला शिकलेत. तसं मारोतीला रात्री जागवून सकाळी बोलावलं. बाटलीचं गजूनं स्वतःच विचारलं, तशी बाईंनी हातानंच नाही म्हटलं. "आज नाही. आज मला फक्त झोप पाहायची आहे."

खोली लॉजसारखी होती. एक खाट, काळा पडदा, वर एक लहान कॅमेरा. टेक्निशियन पोरगी होती, हसरी. तिनं मारोतीचं डोकं टेपनं मोजून पेन्सिलीनं खुणा केल्या. खुणेच्या जागा खरखरीत मलमानं घासल्या आणि तिथे चिकटपट्टी लावून तारा चिकटवल्या. डोळ्यांच्या बाजूला एकेक, हनुवटीवर, छातीवर, पायाच्या नळीवर. छातीभोवती एक पट्टा, पोटाभोवती दुसरा. नाकाशी बारीक नळी, गळ्याला घोरणं ऐकायचं बटणाएवढं यंत्र, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. सगळ्या तारा एका डब्यात.

"मले फाशी देता का बाई?" मारोती म्हणाला.

"डावीकडे पाहा," ती आतून माईकवर बोलली. "उजवीकडे. डोळे मिटा. दात आवळा. आता पाय हलवा." त्या एकेक हालचालीला शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर एकेक रेघ थरथरत होती. ती पाहून तिनं दिवा बंद केला.

आम्ही दोघं तिच्या मागे स्टुलांवर बसलो. मारोती झोपलासुद्धा. अंगावर इतक्या तारा, परकी खाट, आणि माणूस मिनिटा-दोन मिनिटांत झोपला. घोरणं सुरू झालं. गजू कौतुकानं म्हणाला, "पाहा मावशी, राजावानी झोपला."

"थांबा," पोरगी म्हणाली. तिनं एका रेघेवर बोट ठेवलं. "हा नाकातला श्वास."

ती रेघ वर-खाली होत होती. मग लहान झाली. मग सरळ झाली. कोणी पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ.

घोरणं बंद.

"शांत झाला," गजू म्हणाला.

"शांत नाही झाला. ह्या दोन रेघा पाहा. ही छाती, हे पोट." त्या दोन रेघा चालूच होत्या. उलट वाढत होत्या. छाती आत जायची तेव्हा पोट बाहेर यायचं. "ते श्वास घ्यायला ओढताहेत, पण आत काही जात नाही. गळा बंद झालाय."

कॅमेऱ्यात मारोतीचं पोट उसळत होतं. तोंड उघडं होतं. आवाज नव्हता. मी आयुष्यात माणसं मरताना पाहिली आहेत, त्याचा मला बाऊ वाटत नाही. पण हा माणूस माझ्यासमोर गळा दाबल्यासारखा तडफडत होता, आणि दाबणारं कोणी नव्हतं.

"अवो, उठवा ना त्याले!" मी उभी राहिले.

"उठतील. थोडं थांबा." तिनं कोपऱ्यातला आकडा दाखवला. "हा रक्तातला प्राणवायू. बोटापर्यंत पोचायला उशीर लागतो, म्हणून आता पडेल." आकडा नव्वदच्या वर होता. तो पडायला लागला. ऐंशीवर आला, सत्तरवर आला. हृदयाचे ठोके लांब लांब पडायला लागले. मग डोक्याच्या तारांच्या रेघा एकदम खरडल्यासारख्या झाल्या, हनुवटीची रेघ उडाली, ठोके धावायला लागले, आणि तो आवाज आला. रेड्याचा. मी भिंतीतून आठ वर्षं ऐकलेला.

"आता मेंदू जागा झाला," ती म्हणाली. "दोन-तीन सेकंदांसाठी. जागा झाला म्हणून गळा उघडला. त्यांना हे आठवणार नाही."

घोरणं पुन्हा सुरू. रेघ लहान. रेघ सरळ.

"पुन्हा?" गजूनं विचारलं.

"पुन्हा. मिनिटाला एक तरी होतंय."

एकदा डोळ्यांच्या रेघा इकडून तिकडे उड्या मारायला लागल्या. ती म्हणाली, आता स्वप्नाची झोप आहे, यात अंग सगळं सैल पडतं, हे जास्त लांबेल. लांबलं. आकडा साठच्या खाली गेला. मी तिचा खांदा कधी धरला मला कळलं नाही. तिनं सोडवलाही नाही.

मला माझा नवरा आठवला. तो खाणीत होता. तोही घोरायचा, असाच, थांबून थांबून. मी कोपर मारायची, मग तो कुशीवर व्हायचा. एका सकाळी मी चूल पेटवून आले तरी तो उठला नव्हता. सगळे म्हणाले, नशीबवान, झोपेतच गेला, काही कळलंसुद्धा नाही. मीही तेच म्हणत आले इतकी वर्षं. कॉम्प्युटरवर ती सरळ रेघ पाहताना पहिल्यांदा वाटलं, कळलं नाही हे कोणी ठरवलं? दुपारी डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, आता सांगता येणार नाही, हृदयाचंही असू शकतं. खोटं बोलल्या नाहीत, बरं केलं. मी पुन्हा कोणाला विचारलं नाही.

इतकं पाहिल्यावर पोरगी उठली. मारोतीच्या नाकावर रबराचा मास्क पट्ट्यांनी बांधला. मास्कला नळी, नळीला पेटीएवढी मशीन. मशीन हवा फेकायची. ती कॉम्प्युटरवरून हवेचा जोर हळूहळू वाढवत गेली. आधी सरळ रेघा कमी झाल्या. घोरणं राहिलं. अजून वाढवला. घोरणंही गेलं. नाकाची, छातीची, पोटाची, तिन्ही रेघा एका चालीत चालायला लागल्या. आकडा नव्वदच्या वर गेला आणि तिथेच बसला. डोक्याच्या रेघा मोठ्या, संथ झाल्या, तलावाच्या पाण्यासारख्या.

"आता झोपले," ती म्हणाली.

मारोती हललासुद्धा नाही. इतका वेळ नाही हलला की गजू घाबरला. "मेला का जी?" असं विचारून स्वतःच आकडा पाहायचा. आणि थोड्या वेळानं स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीला टेकून गजूच घोरायला लागला. घोरला, थांबला. पोरगीनं कॉम्प्युटरवरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी पायानं त्याचं स्टूल हलवलं.

मारोती उठला तेव्हा संध्याकाळ होत होती. खाटेवर बसून त्यानं दोन्ही हातांनी डोकं चाचपलं. "दुखून नाई राह्यलं," तो म्हणाला. पुन्हा चाचपलं. "मावशी, डोकं दुखूनच नाई राह्यलं." त्याला वाटायचं, उठल्यावर डोकं सगळ्यांचंच दुखतं.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं. झोपेत गळ्याचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते. याची मान जाड, गळा आतून अरुंद, म्हणून तो मिटतोच. ओली प्लास्टिकची पिशवी तोंडाला लावून श्वास ओढला तर ती कशी चिकटते, तसा. मशीनमधे प्राणवायू नाही, औषध नाही, साधी हवा आहे. ती जोरानं आत जाते आणि गळा मिटू देत नाही, सायकलच्या ट्यूबमधे हवा भरल्यासारखी. मशीन काढली की पुन्हा तेच. वजन कमी करा, उताणं झोपू नका. मग त्यांनी विचारलं, "झोपेसाठी काही घेता का?"

मारोतीनं सांगितलं. मोहाची, एक ग्लास, झोपायच्या आधी, रोज.

"आज आम्ही पाहिलं ते दारूशिवाय होतं," त्या म्हणाल्या. "दारूनं गळा आणखी सैल पडतो. आणि गळा बंद झाल्यावर मेंदू जागा होतो ना, तोही उशिरा जागा होतो. दारूनं तुम्हाला झोप लागत नव्हती. जाग यायची थांबत होती. तीच एक गोष्ट तुम्हाला वाचवत होती."

गजूची पिशवी त्याच्या मांडीवर होती. त्यानं ती खाली ठेवली, पायांच्या मागे.

घरी येऊन मी सुलोचनाला सांगितलं. मारोतीच्यानं सांगवेना. तिनं फडताळातली बाटली काढून मोरीत ओतली. मोहाचा वास गल्लीभर सुटला. "मी माह्या हातानं देत होतो," एवढंच बोलली. मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं होतं?" यापेक्षा जास्त समजूत मला घालता येत नाही. गजू मात्र चिडला. बापापासून घरात चालत आलेली मोहाची, ती काय विष झाली? डॉक्टर लोकांना पोट भरायला काहीतरी लागतं, म्हणाला. पण त्यानंतर त्यानं बाटली आणली नाही. मासे आणायचा.

मशीन आली. सुपरवायझरनं कागद वाचला, महिनाभर पाहतो म्हणाला. मशीन लावून मारोती घरी पहिल्यांदा झोपला त्या दिवशी मी चहा गाळत होते. भिंतीतून आवाज नाही. मी गाळणं खाली ठेवलं. कान लावला. काही नाही. आठ वर्षांत त्या भिंतीतून काही आलं नाही असा दिवस नव्हता. मला माझ्या घरातली ती सकाळ दिसली. मी धावत जाऊन त्याचं दार दोन्ही हातांनी ठोकलं, शिव्या दिल्या, गिऱ्हाईकं मागे पळत आली. दार उघडलं. समोर मारोती, नाकावर मास्क, सोंडेसारखी नळी लोंबते आहे, डोळे भेदरलेले.

"काय झालं? आग लागली का?"

"काही नाही," मी म्हटलं. "झोप."

महिन्याभरात माणूस बदलला. चहाचा ग्लास हातात घेऊन वाक्य पूर्ण करायचा. दिवसपाळीचा वॉचमन सांगायचा की मारोतीनं रात्रीतून सगळ्या ट्रकांचे नंबर तोंडपाठ केले. नोकरी राहिली. एकच अडचण होती. वीज आमच्याच जिल्ह्यात तयार होते आणि आमच्याच गल्लीत दुपारची जायची. लाइट गेली की मशीन बंद. मारोती मास्क ओढून काढायचा आणि तसाच उताणा झोपायचा. सुलोचनानं त्याच्या बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात रबरी चेंडू घातला, उताणा झाला की टोचावा म्हणून. तरी गाडी कधी रुळावरून घसरायचीच. घोरणं यायचं, मग थांबायचं. तेव्हा मी बत्ता घेऊन भिंतीवर मारायची. पलीकडून "हाव, हाव मावशी" येईपर्यंत मारायची. माझ्या बाजूला भिंतीत खड्डा पडला. तो मी बुजवला नाही.

पुढे त्याला दिवसपाळी मिळाली, आणि मग ते सावलीकडेच राहायला गेले. तिथल्या एका गोदामावर त्याला काम लागलं. मग भेट नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच्या पोरीच्या लग्नात, सावलीला. दुपारची वेळ, पंगती उठल्या होत्या. मंडपाच्या कडेला सतरंजीवर गजू पडला होता, उताणा, पोट वर. सकाळपासून घेतलेली दिसत होती. तपासणीला तो कधीच गेला नाही. मारोतीनं चार वेळा नागपूरची बस दाखवली असेल, हा दर वेळी म्हणायचा, "मले काय झालं? मी तर गाढ झोपतो." आताही गाढ झोपला होता. मंडप हालत होता. पाहुणे हसत होते.

त्याच्याजवळ मारोती मांडी घालून बसला होता. पोरीचा बाप, डोक्याला फेटा, आणि एक हात गजूच्या छातीवर.

"काय करून राह्यला बे मारोत्या?" कोणीतरी ओरडलं. "साल्याले पळवून नेऊन राह्यला का कोनी?"

तो हसला नाही. मी जवळ गेले. "जेवलास का?"

"ड्यूटीवर आहो, मावशी."

तेवढ्यात गजूचं घोरणं थांबलं. पाहुणे म्हणाले, झाला शांत. मारोतीच्या हाताखाली छाती उसळत होती, पोट उलटं जात होतं. माझ्या हातात बुंदीची प्लेट होती. मला ती रेघ दिसत होती, सरळ. मारोतीनं दोन्ही हातांनी त्याला ढकललं. हलला नाही. पुन्हा ढकललं, खांद्याखाली गुडघा घालून, फेटा पडला तरी. गजूचे ओठ निळे दिसायला लागले होते. मी म्हटलं, "मारोती."

मग तो आवाज आला. रेड्याचा. गजू कुशीवर झाला, डोळे न उघडताच म्हणाला, "झोपू दे ना बे भाऊजी."

लोक पुन्हा हसले. मारोतीनं फेटा उचलला नाही. गजूच्या पाठीला आपला पाय टेकवला, उताणा होऊ नये म्हणून, आणि हात परत त्याच्या बरगडीवर ठेवला. माझी बस लागली होती. मी फाटकातून वळून पाहिलं. मंडपात अर्धी माणसं जेवून पेंगत होती. मारोती तसाच बसला होता, ताठ, आणि त्याचे डोळे टक्क उघडे होते.